दोन टक्के, पण कशाचे?

(दृश्य: आयर्विन पूल, पहाट. मग गावभागातल्या एका मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल. एक बाई झाडू मारते आहे.)

आषाढातली सांगली. मुहूर्त संपलेत. ज्या हॉलमध्ये वैशाखात पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं आज खुर्च्यांची थप्पी आहे आणि उघड्या दारातून येणारा कृष्णेचा वारा आहे.

मालकांनी माळ्यावरून एक पेटी खाली उतरवली. पेटीत जुनी पावतीपुस्तकं. आम्हाला हव्या होत्या दोनच पावत्या, एक मार्च २०१२ ची आणि एक एप्रिल २०१२ ची.

(दृश्य: दोन पावत्या शेजारी शेजारी. कॅमेरा आकड्यांवर.)

दोन्हीकडे भाडं तेच, ५०,००० रुपये. हॉल तोच, वेळ तीच. मार्चच्या पावतीवर सेवाकर ५,१५० रुपये. एप्रिलच्या पावतीवर ६,१८० रुपये.

मधल्या काळात काय घडलं? १६ मार्च २०१२ रोजी प्रणव मुखर्जींनी केंद्राचा अर्थसंकल्प मांडला आणि सेवाकराचा दर १० वरून १२ टक्के केला. १ एप्रिलपासून नवा दर लागू झाला. त्यावर शिक्षणाचा ३ टक्के उपकर होताच. हा उपकर बिलाच्या रकमेवर नव्हता, करावर होता. म्हणून १० चे झाले १०.३० आणि १२ चे झाले १२.३६. पावतीवरचे आकडे आले ते तिथून.

“दोन टक्के वाढ” असं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. आता हेच दोन टक्के शोधायला आपण विश्रामबागला जाऊ.

(दृश्य: अभ्यासिका. रात्र. ट्यूबलाइट, लाकडी फळा, चाळीसेक मुलं-मुली.)

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी ही मुलं. कुणी तासगावहून येतं, कुणी पलूसहून. आज शेकडेवारी आहे. सरांनी फळ्यावर लिहिलंय:

“कराचा दर १० टक्क्यांवरून १२ टक्के झाला. खप १० टक्क्यांनी घटला. महसुलात किती टक्के बदल?”

सूत्र सगळ्यांना पाठ आहे. दोन बदल एकापाठोपाठ झाले, तर दोघांची बेरीज करायची आणि त्यात दोघांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग मिळवायचा. पहिल्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. “सर, दोन वजा दहा, वजा शून्य पूर्णांक दोन. महसूल आठ पूर्णांक दोन टक्क्यांनी घटला.”

सरांनी उत्तर खोडलं नाही. तसंच फळ्यावर ठेवलं. मग विचारलं, “मघाच्या पावतीवर कर किती होता?”

“पाच हजार एकशे पन्नास.”

“नंतर?”

“सहा हजार एकशे ऐंशी.”

“मग वाढला किती?”

“एक हजार तीस.”

“एक हजार तीस हा पाच हजार एकशे पन्नासचा कितवा भाग?”

(दृश्य: मुलाचं वहीवर झुकलेलं डोकं. पेन थांबतं. इथं निवेदन नाही. पाच सेकंद.)

पाचवा भाग. म्हणजे २० टक्के.

१० चे १२ झाले, की दर दोन अंकांनी वाढतो. पण कराची रक्कम वाढते ती आधीच्या कराच्या पाचव्या हिश्श्यानं. सूत्रात २ घालायचे नव्हते, २० घालायचे होते. वीस वजा दहा, वजा दोन. उत्तर आलं अधिक ८.

१.२० × ०.९० = १.०८

एकाच उदाहरणाला एका बाजूनं आठ टक्क्यांची घट, दुसऱ्या बाजूनं आठ टक्क्यांची वाढ. सूत्र बरोबर होतं, बेरीजही बरोबर होती. चुकली ती मूळ रक्कम. मुलानं दोन टक्के बिलाच्या शंभरावर धरले आणि लावले महसुलाला. महसूल कराचा असतो. त्याचं मूळ १०० नाही, १० आहे. आम्ही हा माहितीपट करायला घेतला तो या एका जागेसाठी. सूत्र तोंडपाठ करून घेणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत, पण “कशाचे टक्के?” हा प्रश्न फळ्यावर दिसत नाही.

(दृश्य: पुन्हा पावत्या. बोट एकूण रकमेवर.)

आता ग्राहकाकडून बघू. वधूपित्यानं मार्चमध्ये दिले असते ५५,१५०. एप्रिलमध्ये दिले ५६,१८०. वाढ तीच १,०३० रुपयांची, पण आता मूळ रक्कम आहे ५५,१५०. भागून बघा, १.८७ टक्के येतात. दोनसुद्धा भरत नाहीत, कारण आधीची किंमत शंभर नव्हतीच. तिच्यात जुना कर आधीच मिसळलेला होता.

तेच हजार तीस रुपये. वधूपित्याला पावणेदोन-दोन टक्के वाटतात, तिजोरीला वीस टक्के.

आणि हा खेळ उलटाही होऊन गेला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये मंदीच्या दिवसांत हाच दर १२ वरून १० वर आला होता. तेव्हा कर २० टक्क्यांनी घटला का? नाही. १२ मधले २ म्हणजे सहावा भाग, १६.६७ टक्के. उतरताना सहावा भाग आणि चढताना पाचवा. पायऱ्या त्याच दोन, पण मोजायला सुरुवात वेगळ्या मजल्यावरून.

सर हाच सहावा भाग पुढच्या प्रश्नासाठी वापरतात. “दर १० चा १२ झाला. खप कितीनं घटला, तर महसूल होता तेवढाच राहील?”

मागच्या बाकावरची मुलगी फळ्याकडे गेली. तिनं सूत्र लिहिलं नाही. कार्यालयाला वर्षात ६० तारखा मिळतात असं धरलं.

(दृश्य: खडू, फळा, जवळून. पूर्ण मांडणी न कापता.)

साठ तारखा, दर तारखेला ५,१५०. कर झाला ३,०९,००० रुपये.

नवा कर ६,१८०. तीन लाख नऊ हजारांना सहा हजार एकशे ऐंशीनं भागलं. आले बरोबर ५०.

साठाच्या पन्नास तारखा झाल्या, तर सरकारचा महसूल जिथल्या तिथं. दहा तारखा म्हणजे साठाचा सहावा भाग. पाचव्या भागानं वाढलेलं सहाव्या भागानं मुळावर येतं. तारखा ५४ राहिल्या, म्हणजे दहा टक्के घटल्या, तर कर येतो ३,३३,७२०. आधीपेक्षा २४,७२० रुपये जास्त. भागून बघा, बरोबर ८ टक्के. मघाचं उत्तर रुपयांत उभं राहिलं.

त्या सहा तारखांबरोबर कार्यालयाचं तीन लाखांचं भाडंही गेलं. सनईवाले, वाढपी, फुलवाले वेगळे.

(दृश्य: वाढप्यांच्या रिकाम्या बादल्या, ओळीनं पालथ्या.)

लग्न ठरलेलं घर हजार रुपयांसाठी तारीख मोडत नाही, असं मालक सांगतात. मग गोष्ट घासाघिशीवर येते. “मार्चमध्ये पाव्हण्यांनी पंचावन्न हजार एकशे पन्नास दिले, आम्हीही तेवढेच देणार, काका.” मालक हो म्हणतात. आता त्याच रकमेतून वाढीव कर काढायचा आहे, आणि हिशेब सगळ्यात जास्त फसतो तो इथंच.

(दृश्य: मालक कॅल्क्युलेटरवर. नंतर त्याच आकड्यांसह सर.)

मालकांनी ५५,१५० चे १२.३६ टक्के काढले. ६,८१७ आले. ते वजा केले, भाडं उरलं ४८,३३३.

चूक कशी ओळखायची? उलटं जाऊन. ४८,३३३ वर १२.३६ टक्के कर लावला तर ५,९७४ येतो. बेरीज ५४,३०७. पंचावन्न हजार एकशे पन्नास होतच नाहीत. आठशे त्रेचाळीस रुपये कुठं गेले?

कर भाड्यावर असतो, एकूण रकमेवर नाही. एकूण रक्कम म्हणजे भाड्याच्या शंभरावर करासहित ११२.३६. म्हणून वजाबाकी नाही, भागाकार. ५५,१५० ला १.१२३६ नं भागलं की भाडं येतं ४९,०८३ आणि कर ६,०६७. बेरीज जुळते. मालकांच्या भाड्यातून गेले ९१७ रुपये, १.८३ टक्के. सरकारचा कर ५,१५० वरून ६,०६७ झाला, म्हणजे १७.८ टक्क्यांनी वाढला. भाव बदलला नाही म्हणून पूर्ण वीस मिळाले नाहीत, पण वाढीचा मोठा भाग मिळालाच. तो वधूपित्याऐवजी मालकांनी भरला.

हॉलभाड्यावर मालकांची शिल्लक पन्नास हजारांत पाच हजार असेल, तर ९१७ रुपये म्हणजे त्या शिलकीतले १८ टक्के.

एक खबरदारी इथं सांगायला हवी. या हिशेबावरून देशाचा त्या वर्षीचा सेवाकर सरळ मोजता येत नाही. १ जुलै २०१२ पासून नकारात्मक यादी आली. आधी कर लागणाऱ्या सेवांची यादी असायची, नंतर न लागणाऱ्यांची. करात येणाऱ्या सेवाच वाढल्या. त्या वर्षी जमा वाढली ती केवळ दोन टक्क्यांमुळे, असं कुणी म्हटलं तर त्याला विचारा, नव्यानं करात आलेल्या सेवा वेगळ्या काढल्या का?

(दृश्य: अभ्यासिका. साडेनऊ. सर फळा पुसतात, एक ओळ ठेवतात.)

१ जुलै २०१७ ला सेवाकर जीएसटीत विरघळला. आज या हॉलच्या भाड्यावर १८ टक्के लागतो, नऊ केंद्राचा, नऊ राज्याचा. शेवटचं उदाहरण सरांनी याच दरावर घातलं. हा दर वाढून २० झाला, असं समजा. पुन्हा दोनच अंक. साठ तारखांच्या चोपन्न झाल्या. महसूल?

पहिल्या बाकावरच्या त्याच मुलानं या वेळी हात वर केला नाही. त्यानं आधी लिहिलं, कशाचे टक्के. मग १८ मधले २, नववा भाग. ५०,००० वर कर होता ९,०००, झाला १०,०००. साठ गुणिले नऊ हजार, ५,४०,०००. चोपन्न गुणिले दहा हजार.

(दृश्य: त्याची वही. ५,४०,००० खाली ५,४०,०००.)

“सर, काहीच वाढलं नाही की.”

दर दहा असताना ज्या दोन अंकांनी आठ टक्के दिले, त्याच दोन अंकांनी दर अठरा असताना शून्य दिलं. वधूपित्याचं बिल मात्र ५९,००० वरून ६०,००० झालं.

(दृश्य: फळा पुसला जातो. बाहेर सायकली, शेवटची एस. टी.)