घुंगरूभर सोने: हिस्पॅनिओला बेटावरची पहिली पंचवीस वर्षे

मंडळी, सागरी शोधमोहिमांची कारणे विचारली की सोने, धर्म आणि कीर्ती ही तीन उत्तरे ठरलेली असतात. परिणाम विचारले की नवी पिके, वाढलेला व्यापार आणि देवीच्या साथीत मेलेले मूलनिवासी. यात खोटे काही नाही, पण कारणापासून परिणामापर्यंत आपण कसे पोहोचलो, ते या उत्तरांत कुठेच येत नाही. ती वाट एका बेटावर पाहू. हे बेट कॅरिबियन समुद्रातले हिस्पॅनिओला. आज तिथे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन देश आहेत.

सुरुवात करारापासून करतो. 17 एप्रिल 1492 रोजी स्पेनमधल्या सांता फे येथे राणी इझाबेला आणि राजा फर्डिनंड यांनी कोलंबसाच्या अटी मान्य केल्या. सापडलेल्या प्रदेशाचा तो व्हाइसरॉय आणि गव्हर्नर होणार होता. सोने, चांदी, मोती, मसाले, जे काही हाती लागेल त्याचा दहावा हिस्सा त्याचा. मोहिमेचा एकूण खर्च सुमारे 20 लाख मारावेदी, म्हणजे तेव्हाची स्पॅनिश नाणी, इतका होता. त्यातले 11 लाख 40 हजार दरबारी वित्त अधिकारी लुईस दे सांतान्हेल याने उभे केले, आणि कोलंबसाने आपला वाटा बहुधा कर्ज काढूनच भरला. म्हणजे किनारा दिसण्यापूर्वीच त्याच्यावर देणी होती. त्याची धर्मश्रद्धा ढोंगी नव्हती. मिळालेल्या धनातून जेरुसलेम परत जिंकावे असे तो मनापासून म्हणत असे. पण धर्मप्रसाराला लागणाऱ्या वेळाची मुदत करारात नव्हती, आणि सावकार वाट पाहत नाहीत.

पहिल्या सफरीत थोडेसे सोने मिळाले. त्याच्या बातमीवर 1493च्या सप्टेंबरमध्ये 17 जहाजे आणि हजाराहून जास्त माणसे निघाली. एवढ्या लोकांना खायला काय घालायचे याचा विचार कमी पडला. युरोपातले धान्य बेटावर नीट रुजले नाही, माणसे तापाने पडली, आणि ला इसाबेला या नव्या वसाहतीचे पोट स्थानिक ताइनो लोकांच्या शेतीवर अवलंबून राहिले. सोने मात्र अपेक्षेइतके येईना. मग 1495मध्ये कोलंबसाने सुमारे 500 ताइनो माणसे गुलाम म्हणून विकायला स्पेनला पाठवली. त्यातली 200च्या आसपास वाटेतच मेली. राणीला हा व्यवहार पटला नाही, आणि पुढे काहींना परत पाठवण्याची आज्ञा निघाली.

त्याच सुमारास खंडणी बसवली गेली. सोन्याच्या सिबाओ प्रदेशातल्या 14 वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरूभर सोने द्यायचे. घुंगरू म्हणजे ससाण्याच्या पायाला बांधतात ते, आकाराने लहानच. इतर भागांत सोन्याऐवजी एक आरोबा, म्हणजे साधारण साडेअकरा किलो कापूस. खंडणी भरल्याची खूण म्हणून गळ्यात धातूचा बिल्ला घालायचा.

ही योजना का फसली ते समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा नाश इथून सुरू होतो. ताइनो लोकांना खाणकाम माहीत नव्हते. ओढ्यांच्या वाळूत दिसणारे कण ते वेचत आणि ठोकून दागिने करत. त्यामुळे त्यांच्याकडे दिसलेले सोने पिढ्यान्‌पिढ्या साठलेले होते, दर तिमाहीला निघणारे नव्हते. साठा संपला, मग माणसे दिवस दिवस ओढ्यात उभी राहू लागली आणि शेत मागे पडले.

त्यांचे मुख्य अन्न कसावा. हे कंद मातीचे गोल उंचवटे करून लावत. अशा मळ्याला ते कोनुको म्हणत. पीक तयार व्हायला बहुधा वर्षभर किंवा जास्त लागते. शिवाय कडू कसाव्यात विष असते. कंद किसून, विणलेल्या लांब पिशवीत पिळून रस काढायचा, मग पीठ तव्यावर भाजून भाकरी करायची. हे सगळे माणसांच्या हातांवर चालते. एका हंगामाची लागवड चुकली तर त्याची किंमत पुढच्या वर्षी भुकेने मोजावी लागते. त्यातच दुसऱ्या मोहिमेबरोबर डुकरे आली होती. ती झपाट्याने वाढली, आणि कुंपण नसलेले कोनुको उकरून खाऊ लागली. ग्वारिओनेक्स नावाच्या प्रमुखाने सांगून पाहिले की सोने जमत नाही, त्याऐवजी तुमच्यासाठी बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मळा लावून देतो. हा प्रस्ताव नाकारला गेला. धान्याने कर्ज फिटत नव्हते.

काही गावांनी स्पॅनिश लोकांची उपासमार व्हावी म्हणून स्वतःच लागवड थांबवली आणि डोंगर गाठले. डाव त्यांच्यावरच उलटला. 1502मध्ये निकोलास दे ओवांदो हा गव्हर्नर आला, आणि पुढच्याच वर्षापासून सक्तीच्या मजुरीला कायदेशीर रूप मिळाले. यालाच एन्कोमिएन्दा म्हणतात: प्रत्येक वसाहतकऱ्याला ठरावीक ताइनो माणसे वाटून द्यायची, त्याने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि बदल्यात काम करून घ्यायचे. पुरुष महिनोन्‌महिने खाणीवर, बायका घरी एकट्या कोनुको सांभाळणाऱ्या. मुले जन्मणे घटले आणि जन्मलेली जगेनात.

1514मध्ये वाटणीसाठी मोजणी झाली तेव्हा सुमारे 26 हजार ताइनो उरले होते. मूळ संख्या किती होती यावर इतिहासकारांचे तीव्र मतभेद आहेत. जुने अंदाज 80 लाखांपर्यंत जातात, तर प्राचीन डीएनएवरचा अलीकडचा अभ्यास काही दहा हजारांपाशी थांबतो. माझ्या मते मूळ आकड्याच्या वादापेक्षा तारीख जास्त बोलकी आहे. देवीची पहिली नोंदलेली साथ बेटावर डिसेंबर 1518च्या सुमारास आली. आधीही काही ताप आले, त्यांत माणसे मेली, आणि ते नेमके कोणते यावर वाद आहे. तरीही देवी आली तेव्हा ती भुकेल्या, विस्कटलेल्या आणि आधीच मूठभर झालेल्या समाजावर आली. रोगाला सगळा दोष देणे म्हणजे त्याआधीच्या पंचवीस वर्षांचा हिशेब पुसणे होय.

स्पॅनिश बाजूही एकसारखी नव्हती. डिसेंबर 1511मध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने वसाहतकऱ्यांना तोंडावर विचारले, ही माणसे नाहीत काय? त्याच्या तक्रारीतून 1512चे बुर्गोस कायदे आले. पण ते वाचले की त्यांची मर्यादा दिसते. पाच महिने खाणीत राबल्यावर 40 दिवस विश्रांती द्यावी असे त्यात आहे. एन्कोमिएन्दा बंद करावी असे नाही. आणि त्यांची अंमलबजावणी ज्यांच्या हाती होती, त्यांचेच पोट या मजुरीवर होते. मजूर कमी पडले तेव्हा शेजारच्या बहामा बेटांतून माणसे पकडून आणली गेली, आणि 1518मध्ये 4 हजार आफ्रिकी गुलाम नेण्याचा परवाना राजाने दिला. एका समाजाच्या संपण्याने दुसऱ्या समाजाच्या गुलामीला वेग आला.

लाभाची बाजूही मांडली पाहिजे, आणि ती खरोखर मोठी आहे. कसावा, मका, बटाटा, भुईमूग, मिरची ही अमेरिकेतली पिके जगभर गेली आणि कोट्यवधींची पोटे भरली. आपली उपवासाची साबुदाणा खिचडी घ्या: साबुदाणा कसाव्याचा, शेंगदाणे, बटाटा आणि मिरचीही तिकडचीच. मात्र ज्यांना हा लाभ झाला आणि ज्यांनी किंमत मोजली, ती माणसे वेगवेगळी होती. म्हणून दोन्ही बाजू एका तराजूत टाकून शून्य काढता येत नाही.

ताइनो नामशेष झाले असे सर्रास लिहिले जाते, तेही पूर्ण खरे नाही. एन्रिकीयो या प्रमुखाने 1519पासून डोंगरातून लढा दिला आणि 1533मध्ये स्पेनला त्याच्याशी तह करावा लागला. 1514च्या मोजणीतच अनेक वसाहतकऱ्यांच्या बायका ताइनो होत्या, आणि त्यांची मुले पुढे स्पॅनिश म्हणून मोजली गेली. शेजारच्या पोर्तो रिकोत सुमारे 60 टक्के लोकांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत आजही मूलनिवासी मातृवंश सापडतो. आईकडूनच येणारा हा वारसा कागदावरच्या मोजणीत दिसला नव्हता.