पाळीच्या आधी काटा वर जातो तेव्हा

आधी त्या जिमबद्दल बोलते, कारण तिथूनच हे डोक्यात बसलंय. कोथरूडमधली एक जिम, नाव नाही घेत, तिथे दर सोमवारी सगळ्यांची वजनं भिंतीवरच्या तक्त्यावर लिहायचे. माझ्याकडे डाएटसाठी येणारी एक मुलगी, पाळीच्या आदल्या दिवशी काट्यावर उभी राहिली, 61.2 चे 62.6 झालेले. ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणाला, डाएट मोडलंस ना? ती घरी गेली आणि दोन दिवस नुसत्या सूपवर राहिली, वर रेडीमेड पाकिटातलं सूप, म्हणजे मीठच मीठ! मला अजून राग येतो हो. हात वर करा, किती जणींना असं कुणीतरी सुनावलंय? बघा, मागच्या रांगेतल्या काकूंनी तर दोन्ही हात वर केले.

आता हिशोब करू. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे 1.4 किलोला जवळजवळ 10,800. एक वडापाव 300 चा धरला तर पाच दिवस रोज नेहमीच्या जेवणावर सात वडापाव. तिने खाल्ले होते का? नाही. मग वाढलं काय? पाणी. पाळीआधीच्या दोन आठवड्यांत हार्मोन्स वरखाली होतात तसं शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, अंगठी घट्ट होते, छाती जड वाटते. त्यात प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी मंदावतात, गॅस, बद्धकोष्ठता, म्हणून सलवारची नाडी सैल करावी लागते. पण गॅसने पोट फुगतं, काटा फारसा हलत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या. आणि पाळी सुरू झाली की लगेच उतरेल असं नाही, पहिल्या दिवशी सूज बऱ्याचदा सगळ्यात जास्त असते, मग लघवी वाढते आणि चार-पाच दिवसांत उतरतं.

साडेसातला हॉल सोडायचाय, त्या ताई घड्याळ दाखवतायत, तर ओळखायचं कसं ते पटकन सांगते. पाळीच्या सातव्या दिवशी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि ते मागच्या महिन्याच्या सातव्या दिवसाशीच ताडून बघा, मधल्या सोमवारांशी नाही. त्या मुलीचं सातव्या दिवशी 61.3 आलं, म्हणजे चरबी वाढलीच नव्हती. तेच 61.2, 61.9, 62.5 असं तीन महिने चढत गेलं असतं तर मात्र ते पाणी नाही, खाणं-हालचाल बघायला हवी, थायरॉइडही तपासायला हवा.

त्या दिवसांत पाणी कमी पिऊ नका, लोणचं, पापड, फरसाण कमी करा. आणि पाळी संपूनही पोट फुगलेलंच राहिलं, थोडं खाऊनच पोट भरायला लागलं, किंवा एकाच पायाला सूज आली, तर पुढच्या पाळीची वाट बघू नका, डॉक्टरकडे जा. एका पायाची सूज असेल तर त्याच दिवशी.