डाग जातो कुठे?

मंडळी, रंगपंचमीची गौळण लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो अर्थ सांगून टाकण्याचा. माझ्या पहिल्या खर्ड्यात असंच झालं होतं: ‘भक्ती हा गुलाल, प्रेम पिचकारी’. आता यातले शब्द अदलाबदल करून पाहा. ‘प्रेम हा गुलाल, भक्ती पिचकारी.’ काही बिघडलं? नाही ना! म्हणजे गुलाल तिथे नुसता नावाला आहे. मी ती ओळ खोडली आणि स्वतःला विचारलं, गुलाल प्रत्यक्षात करतो काय? तो कापडावर बसतो आणि धुतला तरी खुणा ठेवतो. गाणं तिथून सुरू झालं.

छंद मोठ्या अभंगाचा घेतला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात.

वाट अडवून । उभा नंदलाल ।
उधळी गुलाल । अंगावरी ॥

कोरा माझा शेला । जपला मी किती ।
मज होती भीती । डागाचीच ॥

इथवर सरळ तक्रार आहे, आणि ती खरी वाटली पाहिजे. गोपी लगेच हात जोडून उभी राहिली तर खोडीची गंमत जाते आणि पुढे वळायला जागाच उरत नाही. पण दुसऱ्या कडव्यात तिच्या नकळत एक गोष्ट उघडी पडते. तिला जपायचं आहे ते कोरेपण.

यमुनेच्या जळी । धुतला मी फार ।
रंग आरपार । मनी गेला ॥

सगळं वळण ‘मनी’ या दोन अक्षरांवर आहे. आधी मी ‘आत्मी’ लिहिलं होतं. अक्षरं तितकीच, पण ऐकणारा शेल्यावरून एकदम प्रवचनात जाऊन पडत होता. नदीवर धुणं धुणाऱ्या बाईच्या तोंडी ‘मन’च येईल.

आता नको धुणे । कोरेपण गेले ।
तुझीच मी झाले । पांडुरंगा ॥

एक गोष्ट बघा. पहिल्या कडव्यात तो ‘तो’ आहे, लोकांसमोर मांडलेल्या तक्रारीतला. शेवटी तो ‘तू’ झाला. प्रेम हा शब्द गाण्यात कुठेच नाही. ते या सर्वनामाच्या बदलात आहे. म्हणून हा ‘तू’ आधी येऊ द्यायचा नाही. तिसऱ्या कडव्यात ‘रंग तुझा फार’ असं करून पाहिलं होतं, पण मग शेवटच्या हाकेतला जीवच गेला.

पांडुरंगाऐवजी ‘यदुराया’ही चाललं असतं, तीही चारच अक्षरं. पण पांडुरंगात ‘रंग’ आहे, आणि पांडु म्हणजे फिकट, पांढरा. कोरेपण गमावलेली बाई ज्याला हाक मारते, त्याच्या नावातच पांढरा आणि रंग एकत्र नांदतात. हे गाण्यात समजावून सांगू नका. गाताना ‘पांडु’वर जरा रेंगाळा आणि ‘रंगा’ टाळकऱ्यांच्या हवाली करा.