गरम भजी, तुपातली पोळी आणि वाफेचा हिशेब

(दृश्य: कढईतून झाऱ्यावर आलेली मिरची भजी)

कढईतलं तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसवर आहे. भज्यांचं कवच कडक झालंय, पण आतली मिरची आणि पीठ ओलंच आहे. खाली काढल्यावरही त्यातून वाफ निघत राहते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे संध्याकाळी चुरमुऱ्यांबरोबर अशी भजी बांधून घरी नेतात. घरी पोचल्यावर ती कुरकुरीत लागणार की लिबलिबीत, हे ती वाफ कुठं जाते यावर ठरतं.

क्लिंग फिल्म आधीच बाजूला ठेवू. पीव्हीसीची फिल्म मऊ राहावी म्हणून तिच्यात प्लास्टिसायझर घालतात. ते तेलातुपात उतरतात, आणि पदार्थ गरम असला की जास्तच. पॉलिथिनच्या फिल्मला प्लास्टिसायझर लागत नाहीत, पण ती साधारण ११० अंशांना वितळते. झाऱ्यावरून थेट आलेल्या भज्यावरचं तेल त्याहून गरम असू शकतं. अशा भज्याला टेकली की फिल्म आक्रसते आणि तिथं भोक पडतं. शिवाय कर्नाटक सरकारच्या मार्च २०१६ च्या प्लास्टिकबंदीत क्लिंग फिल्मचं नाव स्पष्ट आहे.

(दृश्य: फॉइलची पुडी उघडताना)

आता फॉइल. फॉइल तापून वितळणार नाही की तेल बाहेर येऊ देणार नाही. पण वाफही बाहेर पडू देत नाही. आतल्या बाजूला हे थेंब पाहा. वाफ गार फॉइलला लागून पाणी झाली आणि तेच पाणी परत कवचात मुरलं. चकचकीत बाजू आत घेतली काय नि बाहेर घेतली काय, काही फरक पडत नाही.

भज्यांसाठी बटर पेपरच. आधी भजी चाळणीत दोन-तीन मिनिटं निथळू द्या. मग पेपरचा कोन करून त्यात भरा आणि वरचं तोंड उघडं ठेवा. तोंड दुमडून कॅरीबॅगेत कोंबलं, तर फॉइलमध्ये झालं तेच इथंही होणार.

मात्र दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून तीन वेगळे कागद मिळतात. एक मेणाचा, एक साधा तेलरोधक आणि एक सिलिकॉनचा थर दिलेला, भट्टीत चालणारा. मेणाचा कागद गरम पदार्थाला चालत नाही, कारण त्यातलं मेण साठ अंशांच्या आसपासच पातळ होतं. ओळखायला सोपं आहे. नखानं ओरखडा काढा, पांढुरका मेणाचा चुरा नखात येतो. तरीही शंका असेल तर कागद वर्तमानपत्रावर ठेवून त्यावर उकळत्या पाण्याची स्टीलची वाटी पाच मिनिटं ठेवा. खाली तेलकट डाग उमटला तर तो मेणाचा. वर्तमानपत्राचा उपयोग इथपर्यंतच. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून अन्न बांधायला त्याला कायद्यानं मनाई आहे.

(दृश्य: तव्यावरची शेंगापोळी, वर तूप)

शेंगापोळीचा हिशेब मात्र उलटा. रात्रीच्या गाडीनं पुण्याला न्यायची पोळी मऊ राहायला हवी, म्हणजे तिची थोडी वाफ राखायची. पण सगळी राखली तर खालची पोळी ओली होऊन फाटते. म्हणून तव्यावरून काढलेल्या पोळ्या सुती कापडावर एकेक सुट्या पसरा. हाताला कोमट लागल्या की पाच पोळ्यांची चवड करा.

पोळी १८ सेंटिमीटर व्यासाची आणि चवड दोन सेंटिमीटर जाड धरू. भोवती एक वेढा द्यायला ४० सेंटिमीटर कागद लागतो, घडीसाठी आणखी सहा. तीस सेंटिमीटर रुंद बटर पेपरचा असा तुकडा कापा, दोन्ही कडा वर एकत्र धरून दोनदा दुमडा आणि बाजूची टोकं खाली घ्या. त्यावरून फॉइल गुंडाळा. तूप आणि थोडा ओलावा कागदाशी थांबतो, फॉइल उरलेला ओलावा आणि ऊब धरून ठेवतं. कागद न घालता थेट फॉइल लावलं, तर पोळीचा पापुद्रा त्याला चिकटून सुटून येतो.

सोबत चिंच-गूळ घातलेली भरली वांगी असतील, तर त्यांना फॉइल लावू नका. आंबट आणि खारट रस ॲल्युमिनियम खातो. स्टीलच्या डब्यातल्या भाजीवर फॉइल दाबून बसवलं, तर हे आणखी लवकर होतं, कारण दोन धातू आणि मधला खारट रस मिळून बॅटरीच तयार होते. फॉइल भाजीला टेकलं तिथंच सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि खाली करडे डाग दिसतात. तेवढा भाग काढून टाका. लिंबाच्या लोणच्याचंही तसंच. दोन्हींना घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा द्या, आणि झाकणाखाली काही घालायचंच असेल तर बटर पेपरचा गोल तुकडा.