सीबीसीच्या कागदावरचे १२ टक्के

(पालक, परिचारिका आणि तरुण डॉक्टरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. आज मी एका बाळाची फाईल तुमच्यासमोर उलगडणार आहे. हे कुणा एकाचं बाळ नाही. गेल्या अनेक वर्षांत हाताखालून गेलेल्या फाइलींमधून ते जुळवलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट खरोखर घडते.

मुलगा, पूर्ण दिवसांचा, वजन २.९ किलो. जन्मल्यावर लगेच रडला, अंगावर छान पिऊ लागला. दुसऱ्या दिवशी डाव्या दंडावर बीसीजी टोचली, तोंडात पोलिओचे दोन थेंब घातले आणि बाळ-बाळंतीण घरी गेले. महिनाभर सगळं नीट होतं. पाचव्या आठवड्यात जिभेवर आणि गालाच्या आत पांढरा थर आला. औषध लावलं की जायचा, थांबवलं की परत यायचा. सहाव्या आठवड्याचं लसीकरण झालं, त्यात रोटाव्हायरसची तोंडी लस होती. त्यानंतर जुलाब सुरू झाले ते थांबेनात. दोन महिन्यांचा असताना वजन ४.१ किलो, तीन महिन्यांचा झाला तरी ४.२. मग श्वास लागायला लागला. खोकला फारसा नाही, तापही बेताचाच, पण मिनिटाला ७० श्वास आणि ऑक्सिजन ८४ टक्के. न्यूमोनिया म्हणून दाखल केलं. नेहमीची अँटिबायोटिक्स पाच दिवस चालली आणि काहीच फरक पडला नाही.

आता पहिल्याच दिवशी काढलेला सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा कागद बघा. पांढऱ्या पेशी ७,४००. त्यातल्या लिंफोसाइट १२ टक्के. कागदावर लाल खूण नाही, कारण एकूण आकडा ठीक दिसतो. पण गुणाकार करा: ७,४०० चे १२ टक्के म्हणजे ८८८. मोठ्या माणसाच्या रक्तात हजाराच्या आसपासचा आकडा कुणाला फारसा खटकणार नाही. तान्ह्या बाळाचं तसं नसतं. त्याच्या रक्तात मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त लिंफोसाइट असतात, साधारण ४,००० च्या पुढे. ३,००० च्या खाली आकडा गेला की थांबून विचार करायचा, आणि ८८८ असेल तर त्याच दिवशी फोन उचलायचा. निदान त्या कागदावरच होतं. ते करायला कुठलंही महागडं यंत्र लागत नव्हतं.

या आजाराचं नाव सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे तीव्र संयुक्त प्रतिकारशक्ती-न्यूनता. आम्ही त्याला नुसतं 'स्किड' म्हणतो. संयुक्त अशासाठी की प्रतिकाराच्या दोन्ही फळ्या एकदम पडतात. लिंफोसाइटपैकी टी पेशी तयारच होत नाहीत. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी काही प्रकारांत तयार होतात, पण त्यांना काम सांगणाऱ्या टी पेशी नसल्यामुळे त्या नुसत्या बसून राहतात.

टी पेशी का तयार होत नाहीत, हे आपल्या फाइलीतल्या बाळावरूनच बघू. टी पेशींचे पूर्वज अस्थिमज्जेत जन्मतात आणि छातीत हृदयाच्या वर असलेल्या थायमस ग्रंथीत वाढायला जातात. तिथे त्यांना 'जग, वाढ' असा एक रासायनिक निरोप मिळावा लागतो. त्या निरोपाचं नाव इंटरल्यूकिन-७. तो पकडण्यासाठी पेशीच्या अंगावर अँटेना असतो आणि त्या अँटेनाचा एक भाग म्हणजे गॅमा साखळी. गंमत अशी की शरीराने हा सुटा भाग सहा वेगवेगळ्या अँटेनांत वापरला आहे: इंटरल्यूकिन-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सगळ्यांच्या. ही साखळी बिघडली की सातव्याचा निरोप पोचत नाही, म्हणून टी पेशी नाहीत. पंधराव्याचा पोचत नाही, म्हणून विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या एनके पेशीही नाहीत. बी पेशी संख्येने उरतात, पण एकविसावा निरोप त्यांनाही ऐकू येत नाही. एका सुट्या भागापायी सगळी यंत्रणा बंद पडते.

या साखळीचा आराखडा आयएल२आरजी या जनुकात असतो आणि ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. १९९३ मध्ये त्याचा या आजाराशी संबंध सिद्ध झाला. मुलाकडे एक्स एकच, तो आईकडून आलेला. आईकडे दोन. तिचा एक एक्स बिघडलेला असला तरी ती ठणठणीत असते, आणि याचं कारण मला दरवेळी थक्क करतं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो. ज्या पूर्वज-पेशींत बिघडलेला एक्स चालू होता त्या थायमसमध्ये जगल्याच नाहीत. म्हणून तिच्या रक्तातली झाडून सगळी टी पेशींची फौज चांगल्या एक्सवर चालणारी असते. आजाराची खूण तिच्या रक्तात अशी मूकपणे उतरलेली असते, तिला मात्र त्याचा पत्ताही नसतो. तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते.

म्हणून मी घरच्यांना एक प्रश्न हमखास विचारते: 'ताई, तुमचा एखादा भाऊ तान्हेपणी गेला होता का? आईच्या माहेरी कुणाचा?' बऱ्याचदा आजी कोपऱ्यातून हळूच सांगते की हो, एक गेला होता, चार महिन्यांचा, छाती भरून. दृष्ट लागली म्हणाले होते. पण असा इतिहास नसला म्हणून आजार नाही असं समजू नका. कित्येक बाळांत हा बदल घराण्यात पहिल्यांदाच झालेला असतो.

याशिवाय दुसरी जनुकंही आहेत. त्यांतली रॅग-१ आणि रॅग-२ आपल्याकडे महत्त्वाची. टी आणि बी पेशी जंतूला ओळखून पकडणारे आपापले ग्राहक बनवताना डीएनएचे तुकडे कापून नव्याने जोडतात. त्या कात्रीचा आराखडा या जनुकांत आहे. कात्री नसेल तर टी आणि बी दोन्ही नाहीत, एनके मात्र शाबूत. हा प्रकार मुलगा-मुलगी दोघांनाही होतो, कारण त्यासाठी आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून कितीतरी घरांत आहे. नवरा-बायकोचे आजी-आजोबा एकच असले की तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. जनुकतज्ज्ञासमोर हे नातं लपवू नका, एवढंच म्हणणं आहे.

आता मुख्य प्रश्न: इतक्या लवकर का? आईच्या अँटिबॉडी तर बाळाकडे असतात ना? असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आयजीजी अँटिबॉडी वारेतून बाळात उतरतात आणि दर तीन आठवड्यांनी निम्म्या होत जातात. ज्या मुलांत फक्त बी पेशी नसतात ती मुलं याच शिदोरीवर पहिले सहाएक महिने निभावून नेतात आणि मग आजारी पडू लागतात. स्किडचं बाळ मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच कोसळतं.

याचं कारण अँटिबॉडीच्या मर्यादेत आहे. अँटिबॉडी रक्तात आणि पेशीबाहेर फिरणाऱ्या जंतूला चिकटते. जंतू एकदा पेशीच्या आत शिरला की तिचा हात तिथे पोचत नाही. आत लपलेले विषाणू आणि बीसीजीतले जिवंत जंतू यांना आवरायला टी पेशीच लागतात. बुरशीचंही तेच. तोंडातली कॅन्डिडा आणि फुप्फुसातला न्यूमोसिस्टिस, जो आपल्या बाळाला झाला होता, हे जंतू निरोगी बाळांच्याही संपर्कात येतात, पण तिथे त्यांना डोकं वर काढू दिलं जात नाही. जन्मल्याच्या दिवसापासून बाळ या सगळ्यांना भेटत असतं. आईची शिदोरी एका दरवाजाची राखण करते, बाकीचे दरवाजे सताड उघडे असतात.

ही शिदोरी डॉक्टरांचीही फसगत करते. दोन महिन्यांच्या बाळाचं आयजीजी तपासलं तर ते बरं येऊ शकतं, कारण ते आईचं असतं. फसवणारं आणखी एक म्हणजे आईच्या थोड्या टी पेशीही वारेतून बाळात येतात. निरोगी बाळ त्यांना वाढू देत नाही. स्किडच्या बाळात त्या ठाण मांडतात, वाढतात, बाळाच्याच कातडीवर आणि यकृतावर हल्ला करतात. अशा वेळी लिंफोसाइटचा आकडा ८८८ ऐवजी चांगला भरभक्कम दिसू शकतो. तेव्हा आकडा बरा आला तरी पुरळ, जुलाब आणि खुंटलेलं वजन एकत्र दिसत असेल तर फ्लो सायटोमेट्री करून टी पेशी मोजाव्यात, आणि त्यांत कोऱ्या, अनुभव नसलेल्या पेशी किती हेही बघावं. मुंबईत परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय रुधिर-प्रतिकारशास्त्र संस्था हे काम कित्येक वर्षं करते आहे.

बीसीजीबद्दल नीट ऐका, नाहीतर उगाच घाबराल. टोचल्यावर चार-सहा आठवड्यांनी फोड येणं, खपली धरणं, काखेत छोटी गाठ येणं हे निरोगी बाळातही होतं आणि ती लस लाखो मुलांना क्षयाच्या गंभीर रूपांपासून वाचवते. पण जखम पसरत चालली, गाठी वाढत गेल्या, बाळ सुकत गेलं, तर ती लसच आजार झालेली असू शकते.

या बाळांवरचा इलाज म्हणजे दुसऱ्याच्या मूळपेशी देणं. १९६८ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे अशा एका मुलाला बहिणीची अस्थिमज्जा दिली गेली आणि तो वाचला. ह्यूस्टनच्या डेव्हिड व्हेटरचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. त्याचा मोठा भाऊ याच आजाराने सातव्या महिन्यात गेला होता. म्हणून १९७१ मध्ये डेव्हिड जन्मला तो थेट निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात. बारा वर्षं तो आत राहिला. पूर्ण जुळणारा दाता मिळाला नाही. १९८३ मध्ये बहिणीची अर्धवट जुळणारी मज्जा दिली. तिच्यात एप्स्टाइन-बार विषाणू सुप्त होता. आपल्या टी पेशी त्याला आयुष्यभर दाबून ठेवतात. डेव्हिडकडे त्या नव्हत्या. त्याला लिंफोमा झाला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये तो गेला.

आज अर्धवट जुळणारी मज्जाही नको असलेल्या पेशी गाळून काढून देता येते. पण निकाल ठरवणारी गोष्ट बहुतेक वेळा वेळच असते. अमेरिकेतल्या २०१४ च्या मोठ्या अभ्यासात साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. त्याहून मोठी आणि संसर्ग चालू असलेली जी बाळं होती, त्यांत हे प्रमाण ५० टक्के. त्या देशात नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर टी पेशींच्या कापाकापीत उरलेली डीएनएची वेटोळी मोजतात. विस्कॉन्सिनने २००८ मध्ये सुरुवात केली, २०१८ पर्यंत सगळी राज्यं आली. आपल्याकडे सगळ्या बाळांची सरसकट अशी तपासणी होत नाही, म्हणून तो १२ टक्क्यांचा कागद वाचता येणं आपल्यासाठी इतकं मोलाचं.

संशय आला त्या दिवसापासून काय करायचं? रक्त द्यावं लागलं तर ते किरणांचा मारा केलेलंच द्यायचं, कारण दात्याच्या जिवंत लिंफोसाइट या बाळाचा जीव घेऊ शकतात. जिवंत लसी बंद. घरातल्या मोठ्या भावंडालाही तोंडी पोलिओ नाही, इंजेक्शनचा द्यायचा. न्यूमोसिस्टिससाठी को-ट्रायमोक्साझोल आणि बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन सुरू करायचं.

आणि बाळ गेलं, तरी फाईल बंद करू नका. त्याच्या रक्तातून जनुक शोधून ठेवा. त्या आईला पुन्हा दिवस जातील तेव्हा हाच कागद लागतो. पुढचं बाळ जन्मेल त्या दिवशी नाळेतलं रक्त तपासायला पाठवायचं, आणि निकाल हातात येईपर्यंत बीसीजी टोचायची नाही, थेंब घालायचे नाहीत. प्रसूतिगृहातल्या सिस्टरला हे आधीच, लेखी, ठळक अक्षरांत देऊन ठेवायचं.