गेल्वेरीचे रूम

एक जुनं प्रार्थनेचं पुस्तक उघडूया. अक्षरं ग्रीक आहेत. आल्फा, लाम्दा, लाम्दा, आल्फा, खी. पण शब्द जोडून वाचला की ऐकू येतं, ‘अल्लाह’. पुस्तक ख्रिस्ती, लिपी ग्रीक आणि भाषा तुर्की. गोव्यात रोमी लिपीत कोकणी वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

अशी पुस्तकं वाचणाऱ्यांना करामानली म्हणत. आजच्या तुर्कस्तानात, मध्य अनातोलियातल्या गेल्वेरी गावात अशी कितीतरी कुटुंबं होती. घरात, बाजारात तुर्की आणि चर्चमध्ये ग्रीक प्रार्थना, बहुतेकांना न कळणारी.

तुर्की सुलतानांचं उस्मानी राज्य माणसाची नोंद घेताना त्याची भाषा किंवा वंश विचारत नसे. धर्म कोणता, एवढंच विचारी. त्यावरून त्याची ‘मिल्लत’ ठरे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणजे ‘रूम’, आणि त्यांचा प्रमुख इस्तंबूलचा पात्रिआर्क. लग्न, वारसा, शाळा ही कामं चर्चकडे. ग्रीक, बल्गेरियन, अरबी बोलणारे, सगळे याच एका खात्यात. ही व्यवस्था सर्वत्र सारखी नव्हती. तिला नीट बांधलेलं रूप आलं ते एकोणिसाव्या शतकात. आणि नेमक्या त्याच शतकात राष्ट्रवाद आला. त्याला तयार कप्पे आयतेच मिळाले.

१९२२ मध्ये ग्रीस-तुर्की युद्ध संपलं. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझानमध्ये दोन्ही देशांनी करार केला: तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसला जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात यायचं. अदलाबदल सक्तीची. वगळले ते मुख्यतः इस्तंबूलचे रूम आणि ग्रीसमधल्या पश्चिम थ्रेसचे मुसलमान. भाषेचा करारात उल्लेखही नाही. राष्ट्र उभं करायचं होतं, पण माणसं निवडली ती सुलतानाच्या जुन्या मापानं. मला या कागदातलं सगळ्यात क्रूर वाटतं ते हेच.

सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. त्यातले बरेचसे कराराआधीच जीव मुठीत धरून पळाले होते. साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान उलट दिशेनं गेले.

गेल्वेरीचे लोक ग्रीसमध्ये उतरले तेव्हा ‘आपल्या’ देशात त्यांना भाजी मागता येत नव्हती. लोक त्यांना ‘तुर्काचं बी’ म्हणून हिणवत. तिकडे क्रीटमधले मुसलमान आयवालिकच्या किनाऱ्यावर उतरले ते ग्रीक बोलत. त्यांना नाव पडलं ‘अर्धे काफिर’. १९२८ पासून तुर्की शहरांत मोहीम निघाली, ‘नागरिकांनो, तुर्की बोला!’ ग्रीसमध्येही तुर्की घरात दडली. आजीची भाषा नातवंडांना परकी झाली, आणि ती नातवंडं निःशंकपणे ग्रीक झाली, तुर्क झाली.

गेल्वेरीचं आजचं नाव गुझेलयुर्त. तिथल्या संत ग्रेगरीच्या चर्चची आता मशीद आहे. गाव सोडताना लोकांनी संताचे अवशेष सोबत घेतले होते. ग्रीसमध्ये कावालाजवळ त्यांनी नवं गाव वसवलं, नेआ कार्वाली, म्हणजे नवं गेल्वेरी. ते अवशेष तिथल्या चर्चमध्ये आहेत.