आक्काच्या दोन एक जानेवारी

मंडळी, आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या चुलत बहिणीपासून सुरुवात करतो. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. तिची कागदपत्रं मीच बघत होतो. बँकेच्या पासबुकामागच्या नोंदीत तिची जन्मतारीख होती 1-1-1952 आणि आधारच्या नोंदीत 1-1-1953. बँकेनं सांगितलं, तारखा जुळत नाहीत, एक तरी खोटी आहे. आक्का घाबरली. आपण काहीतरी लबाडी केली असं सरकारला वाटेल, म्हणून ती दोन दिवस नीट जेवली नाही. मी शाळामास्तर होतो, दाखले लिहिण्यात माझी हयात गेली. या दोन्ही तारखा तिच्यावर आल्या तरी कुठून, ते शोधायचं मी ठरवलं.

मी तिला विचारलं, "आक्का, तुझा जन्म कधीचा?" ती म्हणाली, "पहिलं मतदान झालं बघ, त्याच वर्षी. बाबा सौंदत्तीला जत्रेला गेल्ते, पुनवेला. परत आले तवर मी आल्ते." एवढंच. पण या तीन वाक्यांत सगळं आहे. देशातलं पहिलं सार्वत्रिक मतदान 1951च्या ऑक्टोबरापासून 1952च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. सौंदत्तीच्या यल्लम्माची मोठी जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेची. मतदानानंतरची मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजे 1952ची, आणि त्या वर्षी ती 1 डिसेंबरच्या सुमारास होती. म्हणजे आक्काचा जन्म 1952च्या डिसेंबराच्या अगदी सुरुवातीचा.

आता बँकेची तारीख बघा. खातं उघडताना तिच्या मुलानं साल सांगितलं, 1952, आणि ते बरोबरच होतं. पण संगणकाच्या त्या चौकटीत नुसतं साल बसत नाही. दिवस, महिना, साल, तिन्ही भरल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. मग भरणारा माणूस वर्षाचा पहिला दिवस टाकतो. कुणी मुद्दाम केलेलं नसतं हे; रिकामी जागा भरण्याची ती सवय आहे. पण त्यानं आक्का अकरा महिन्यांनी मोठी झाली.

आधारच्या तारखेचा उगम वेगळा आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. नोंदणीच्या वेळी तिच्याकडं पुरावा म्हणून एकच कागद होता, जुनं मतदार ओळखपत्र. त्या कार्डांवर जन्मतारीख नसायची. "1-1-1995 रोजी वय 42" असं लिहिलेलं असायचं. मतदार यादीसाठी वय मोजण्याची तारीख कायद्यानं 1 जानेवारी होती. वर्षातून चार तारखा झाल्या त्या 2022पासून. म्हणून आपल्या पिढीच्या लाखो लोकांचं वय 1 जानेवारीला बांधलं गेलं. नोंदणी करणाऱ्यानं 1995मधून 42 वजा केले, 1953 आले, आणि 1-1-1953 पडली.

ही वजाबाकी दिसायला बिनचूक आहे, पण तिथंच गफलत होते. 1 जानेवारी 1995 रोजी ज्याची 42 वर्षं पूर्ण झालीत, तो जन्मला कधी असेल? 2 जानेवारी 1952पासून 1 जानेवारी 1953पर्यंत कधीही. या वर्षभराच्या पट्ट्यातला अगदी शेवटचा दिवस म्हणजे 1-1-1953. जवळजवळ प्रत्येक माणूस त्याच्या आधीचा, आणि एक दिवस सोडला तर साल 1952. नुसत्या वजाबाकीनं माणूस शक्य तितका लहान ठरतो. उलट, साल माहीत असताना 1 जानेवारी टाकली की तो शक्य तितका मोठा ठरतो. म्हणून आक्काच्या दोन तारखांत वर्षाचं अंतर पडलं. दोन्ही तारखा एकाच खऱ्या सालातून निघालेल्या, आणि तिचा खरा दिवस त्या दोहोंच्या मध्ये. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

सरकारी नोकरीच्या जुन्या नियमाला हे ठाऊक होतं. केंद्राच्या नियमात फक्त साल माहीत असेल तर 1 जुलै धरायची, साल आणि महिना माहीत असेल तर त्या महिन्याची 16 तारीख. मधला दिवस धरला की चूक दोन्ही बाजूंनी जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच राहते. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो.

आमच्या शाळांची तारीख तिसरीच. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या जुन्या दाखल्यांवर 1 जून दिसेल, ढिगानं. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला की ते पहिलीच्या वयाचं, असं धरायचे. शाळा जूनमध्ये सुरू, म्हणून मास्तर 1 जूनपासून पुरेशी वर्षं मोजून साल बसवायचे. आक्काच्या थोरल्या भावाचा दाखला 1-6-1950चा आहे तो असाच. आक्का शाळेत गेलीच नाही, म्हणून तिला जूनसुद्धा मिळाला नाही. तेव्हा जुना कागद हातात आला की दिवस आणि महिना आधी बघा: 1 जून असेल तर मागं बहुधा शाळा, 1 जुलै किंवा 16 तारीख असेल तर सेवापुस्तक, 1 जानेवारी असेल तर मतदार यादी किंवा संगणक. खरोखर 1 जानेवारीला जन्मलेली माणसं असतातच, पण एकाच घरातल्या तिघा भावंडांची तारीख तीच असेल तर ती तारीख कुणीतरी बसवलेली आहे.

आधारबद्दल आणखी एक. पहिल्या काळात ज्यांनी नुसतं साल किंवा अंदाजे वय सांगितलं, त्यांच्या कार्डावर "जन्म वर्ष" एवढंच छापलं जायचं, आणि कार्डावरच्या चौकोनी क्यूआर संकेतातही `yob` म्हणजे फक्त साल असायचं. तिथपर्यंत नोंद प्रामाणिक होती. तो संकेत दुसऱ्या कार्यालयाच्या यंत्रानं वाचला, की त्या यंत्राला दिवस-महिना हवा, आणि 1 जानेवारी तिथं चिकटते. पुढं ती तारीख एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते, आणि ती अंदाजाची होती ही खूण वाटेत गळून पडते. ऑक्टोबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, त्यापेक्षा शाळेच्या दाखल्याला वजन जास्त. शाळेत न गेलेल्या बाईनं मात्र काय दाखवायचं?

गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत बघावं म्हणून मी गेलो. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं, 1956पर्यंत. अशा वह्यांत बापाचं नाव असतं, मुलगा की मुलगी असतं, बाळाचं नाव बहुधा नसतं, कारण बारशाआधीच नोंद होते. कधी कधी मोडी वाचणारा सोबत लागतो. आक्काच्या वर्षाची वही मला मिळाली नाही.

मग बँकेत तिची तारीख आधारसारखी 1-1-1953 करून घेतली. जुळणं महत्त्वाचं होतं. कर्नाटक सरकारची संध्या सुरक्षा पेन्शन वयाची 65 पूर्ण झाल्यावर लागते. खऱ्या हिशेबानं ती डिसेंबर 2017मध्ये पात्र झाली, कागदावर जानेवारी 2018मध्ये. एका महिन्याचं पेन्शन गेलं. ती म्हणाली, जाऊ दे. मला मात्र ते अजून लागतं. घरी येऊन मी एका कागदावर लिहिलं: "मार्गशीर्ष पौर्णिमा, शके 1874, सौंदत्तीची जत्रा, पहिल्या मतदानाचं वर्ष." खाली तिचा अंगठा घेतला आणि तो कागद आधारच्या झेरॉक्ससोबत तिच्या ट्रंकेत ठेवला.